विश्लेषण : एकाच छायाचित्रातून कुर्त्याचे पाच रंग… कॅटलॉगमध्ये दिसणारा रंग खरा कसा ठेवायचा?

घरून किंवा छोट्या दुकानातून ऑनलाइन कपडे विकणाऱ्यांपुढे दर हंगामात एक अडचण उभी राहते. एकाच नमुन्याचा कुर्ता पाच रंगांत शिवून येतो, पण प्रत्येक रंगासाठी मॉडेल, छायाचित्रकार आणि जागेचे भाडे परवडत नाही. त्यामुळे एकाच रंगाचे छायाचित्र काढून बाकीचे रंग संगणकावर चढवले जातात. ही पद्धत जुनी आहे आणि मोठ्या ब्रँडकडूनही वापरली जाते. मात्र पडद्यावरचा ‘मरून’ आणि पार्सलमधून निघालेला मरून वेगळा ठरला, तर कुर्ता परत येतो. रंग चढवताना नेमके काय चुकते आणि ते कसे टाळता येते, याचा हा आढावा.

एक कुर्ता परत आला तर काय होते?

समजा, नाशिकमधील एक गृहउद्योजिका ६५० रुपयांना सुती कुर्ता विकते आणि तिला त्यात १५० रुपये सुटतात. पार्सल पाठवण्याचे ७० आणि परत आणण्याचे ७० रुपये धरले, तर एक कुर्ता परत येताच एका कुर्त्यावरचा जवळजवळ सगळा नफा जातो. आलेला कपडा पुन्हा इस्त्री करून, नव्या पिशवीत भरून विकावा लागतो, तो खर्च आणखी वेगळा. माप चुकल्याने आलेली परतफेड बदलून देता येते. रंग न पटलेला ग्राहक मात्र बहुधा दुसरा नग मागत नाही, पैसे मागतो.

याला कायद्याची बाजूही आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याची जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणवैशिष्ट्यांशी सुसंगत असावी लागते. जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे वस्तू नसेल, तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ‘प्रत्यक्ष रंगात किंचित फरक असू शकतो’ ही तळटीप सर्वत्र दिसते. पण मोहरी रंगाच्या जागी लिंबू रंग दाखवला असेल, तर त्या फरकाला किंचित म्हणता येत नाही.

सर्वांत सोपी पद्धत का फसते?

कोणत्याही छायाचित्र संपादन सॉफ्टवेअरमध्ये `Hue-Saturation` नावाची खिडकी असते. त्यातील `Hue`ची पट्टी सरकवली की पिवळा कुर्ता क्षणात हिरवा, निळा, गुलाबी होतो. बहुतेक जण इथेच थांबतात आणि इथेच घोटाळा होतो.

कापडाचा रंग आपल्याला तीन गोष्टींनी जाणवतो. तो कोणता रंग आहे, किती भडक आहे आणि किती गडद आहे. `Hue`ची पट्टी त्यातली फक्त पहिली गोष्ट बदलते. मोहरी रंग मुळात उजळ असतो आणि नेव्ही ब्लू जवळजवळ काळ्याच्या शेजारचा. मोहरीची पट्टी निळ्यापर्यंत सरकवली, तर हाती येतो तो उजळ, खेळण्यासारखा निळा. बाजारात त्या रंगाचे कापड नसते आणि विक्रेत्याकडे तर नसतेच. मग तो ‘अंदाजाने’ काळपट केला जातो. एकदा अंदाज आला की प्रत्येक छायाचित्रात नेव्ही वेगळा दिसू लागतो.

म्हणून कामाचा क्रम उलटा हवा. छायाचित्रातून कापडाचा मूळ रंग पूर्ण काढून टाकायचा, फक्त चुण्या आणि सावल्या ठेवायच्या आणि त्यावर प्रत्यक्ष कापडाच्या तुकड्यावरून मोजलेला रंग चढवायचा. पट्टी सरकवून आवडेल तो रंग निवडायचा नाही, तर हातातल्या कापडाचा रंग पडद्यावर आणायचा.

छायाचित्रासाठी कोणत्या रंगाचा कुर्ता निवडावा?

आपले उदाहरण पुढे नेऊ. या विक्रेतीकडे एकाच शिवणीचा कुर्ता फिकट राखाडी, मोहरी, मरून, बॉटल ग्रीन आणि नेव्ही ब्लू अशा पाच रंगांत आहे. छायाचित्र काढायचे ते फिकट राखाडीचे. उजळ कापडावरून गडद रंग तयार करणे सोपे, उलटे अवघड असते. गडद कापडाच्या सावल्यांमध्ये कॅमेऱ्याने फारसा तपशील टिपलेलाच नसतो. ते उजळवायला गेले की दाणेदार ठिपके आणि रंगाचे पट्टे वर येतात.

दुसरे कारण सहसा लक्षात येत नाही. भडक रंगाचे कापड आपला रंग आजूबाजूला टाकते. मोहरी कुर्ता घातलेल्या मॉडेलच्या हनुवटीखाली आणि मनगटावर पिवळसर झाक येते. पुढे कुर्ता नेव्ही झाला तरी हनुवटी पिवळीच राहते. पाहणाऱ्याला नेमके कारण सांगता येत नाही, पण छायाचित्र खोटे वाटते. राखाडी किंवा फिकट बेज कापडाने हा प्रश्न येत नाही.

मग थेट पांढराच का नको? पांढऱ्या कापडावर चुण्यांमध्ये प्रकाश एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर उसळत राहतो, त्यामुळे सावल्या फिक्या पडतात. त्यावर मरून चढवला तर कापड सपाट, कागदासारखे दिसते. शिवाय पातळ पांढऱ्या कापडातून आतले अस्तर आणि त्वचा दिसते. गडद कापडातून ती तशी दिसत नाही.

छायाचित्र काढताना दोन गोष्टी पाळाव्यात. खिडकीचा प्रकाश असेल तर खोलीतले दिवे बंद ठेवावेत, कारण दोन प्रकारचे प्रकाश मिसळले की एक बाही निळसर आणि दुसरी पिवळसर दिसते. आणि कुर्त्याचा कोणताही भाग पूर्ण पांढरा ‘जळू’ देऊ नये. तिथला तपशील नंतर परत येत नाही.

कापडाच्या तुकड्याचा रंग कसा मोजतात?

सगळ्या कामाचा पाया हाच आहे. पाचही कापडांचे साधारण तळहाताएवढे तुकडे घ्यावेत. मागचा रंग आरपार दिसू नये म्हणून त्यांच्या दोन-तीन घड्या घालाव्यात. ते कुर्त्याच्याच जागी, त्याच प्रकाशात एका ओळीत मांडावेत आणि शेजारी छायाचित्रणाच्या दुकानात मिळणारे राखाडी कार्ड ठेवावे. मग सर्वांचे मिळून एकच छायाचित्र घ्यावे.

एकाच चौकटीत घेण्याला कारण आहे. मोबाइलचा कॅमेरा समोर जे असेल त्याला मध्यम उजेडाचे करू पाहतो. नेव्हीचा तुकडा एकटा टिपला तर तो उजळून धुरकट निळा होतो, फिकट राखाडी एकटा टिपला तर तो काळवंडतो. सगळे एकत्र असले की त्यांच्यातला गडद-उजळाचा फरक खरा राहतो. बोटाने पडदा दाबून धरून उजेड कुलूपबंद करण्याची सोय बहुतेक मोबाइलमध्ये असते. ती वापरून, कुर्ता आणि तुकडे यांच्यासाठी तोच उजेड ठेवावा. घाऊक व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या छायाचित्रावरून रंग उचलणे म्हणजे त्याच्या दुकानातल्या ट्यूबलाइटचा रंग उचलणे होय.

संगणकावर आधी राखाडी कार्डावरून रंगसंतुलन साधावे, म्हणजे कार्डावरचे लाल, हिरवा आणि निळा हे तीनही आकडे जवळजवळ सारखे यावेत. तोच बदल कुर्त्याच्या छायाचित्रालाही द्यावा. मग रंग उचलणाऱ्या साधनाने प्रत्येक तुकड्याचा रंग वाचावा. कापडावर धागा आणि धाग्यामधली फट आलटून पालटून येते, त्यामुळे एका बिंदूचा रंग भलताच निघू शकतो. साधनाच्या पर्यायांमध्ये `Sample average` निवडून थोड्या मोठ्या भागाची सरासरी घ्यावी.

आपल्या उदाहरणात मोहरीचे आकडे लाल २०५, हिरवा १५५, निळा ४० असे आले असे धरू. मरूनचे ११५, २५, ४०. बॉटल ग्रीनचे १५, ७०, ५० आणि नेव्हीचे ३०, ४०, ८०.

प्रत्यक्ष रंग चढवण्याची पद्धत काय?

येथे जिंप या मोफत सॉफ्टवेअरमधील नावे दिली आहेत. फोटोशॉप किंवा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्येही याच क्रमाने काम होते.

प्रथम कुर्त्याची कड आखून तेवढाच भाग निवडायचा. यात घाई करू नये, कारण हे काम एकदाच करायचे असते आणि बाकीच्या चारही रंगांना तेच लागते. बटणे, गळ्याभोवतीची लेस, भरतकाम आणि कुर्त्यावर आलेले केस निवडीतून वगळावेत. शिंपल्याची बटणे पाचही कुर्त्यांना पांढरीच असतील आणि छायाचित्रात ती मरून झाली, तर चूक लगेच उघडी पडते. उलट, धागा किंवा पायपिंग रंगाप्रमाणे बदलत असेल, तर त्याची निवड वेगळी ठेवावी.

आता मूळ छायाचित्राची प्रत काढून ती एका गटात ठेवायची आणि गटाला या निवडीचा मुखवटा, म्हणजे `Layer Mask` लावायचा. प्रतीचा रंग `Colors > Desaturate` मधून काढून टाकायचा. त्याच्यावर नवा थर घेऊन त्यात हवा तो रंग सपाट भरायचा आणि थराचा प्रकार `Multiply` करायचा. या प्रकारात वरच्या थराचा आकडा खालच्या आकड्याने गुणून २५५ने भागला जातो. त्यामुळे खालची सावली जशीच्या तशी राहते आणि तिला रंग मिळतो.

इथेच आणखी एक चूक होते. तुकड्यावरचा आकडा जसाच्या तसा भरला, तर कुर्ता नेहमी अधिक गडद येतो. समजा, राखाडी कुर्त्याच्या छातीवरच्या सपाट भागाचा आकडा १७६ आहे. मोहरीतला लाल २०५ आहे. २०५ ला १७६ ने गुणून २५५ ने भागले की उरतात जेमतेम १४१. मोहरी गेली आणि मातकट तपकिरी आला.

यावर उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी म्हणजे राखाडी थर उजळवणे. `Colors > Levels` मध्ये उजवीकडचा पांढरा बाण २५५ वरून २०४ वर आणला की १७६ चे २२० होतात. कुर्त्यावरचा सर्वांत उजळ भाग २०० असेल, तर तो २५० होतो, म्हणजे जळत नाही. चुणीतली ९६ ची सावली १२० होते. सपाट भाग २५५ पर्यंत न नेता २२० वर थांबवायचा, तो उजळ भागांना जागा राहावी म्हणून.

दुसरी पायरी म्हणजे भरायचा रंग तेवढ्याच प्रमाणात वाढवणे. तुकड्यावरचा प्रत्येक आकडा २५५ ने गुणून २२० ने भागायचा. मोहरीचे २०५, १५५, ४० हे आकडे मग २३८, १८०, ४६ होतात. ते भरले की सपाट भागावर जवळजवळ २०५, १५५, ४० उतरतात आणि चुणीच्या सावलीत साधारण ११२, ८५, २२ असा त्याच रंगाचा गडद भाग मिळतो. याच हिशेबाने मरूनसाठी १३३, २९, ४६, बॉटल ग्रीनसाठी १७, ८१, ५८ आणि नेव्हीसाठी ३५, ४६, ९३ भरायचे. राखाडी थर आणि मुखवटा चारही वेळा तोच राहतो, बदलतो फक्त वरचा रंग.

रंग बरोबर उतरला, हे कसे ओळखायचे?

पहिली तपासणी पडद्यावरच होते. तुकड्यांच्या छायाचित्रातून मरूनचा चौकोन कापून तो तयार झालेल्या कुर्त्याच्या छातीवर ठेवावा. चौकोनाची कड जवळजवळ दिसेनाशी झाली, तर रंग जुळला. चौकोन उठून दिसत असेल, तर आकडे पुन्हा वाचावेत.

दुसरी तपासणी कडांची. चित्र दुप्पट मोठे करून बाहीची कड, गळा आणि कापलेला घेर पाहावा. गडद कुर्त्याभोवती मूळ राखाडीची पातळ रेघ राहिली असेल, तर मुखवटा एक-दोन बिंदूंनी बाहेर सरकवावा. गळ्याच्या आतली मागची बाजू आणि बाहीचा आतला भाग रंगवायचा बहुतेकांकडून राहून जातो.

तिसरी तपासणी हातातल्या कापडाची. छायाचित्र दोन वेगवेगळ्या मोबाइलवर उघडावे, पडद्याचा उजेड मध्यम ठेवावा आणि डोळ्यांसाठीचा पिवळसर प्रकाशाचा पर्याय बंद करावा. मग दिवसा खिडकीजवळ पडद्याशेजारी कापड धरावे. दोन्ही मोबाइलवर रंग एकाच दिशेने चुकत असेल, तर दोष छायाचित्राचा आहे. एकावरच चुकत असेल, तर तो पडद्याचा आहे आणि विक्रेत्याला त्यावर उपाय नाही.

छायाचित्र शेवटी साठवताना ते `sRGB` या रंगव्यवस्थेत बदलून घ्यावे. काही मोबाइल अधिक विस्तृत रंगव्यवस्थेत छायाचित्र टिपतात. संकेतस्थळावर चढवताना ती माहिती गळून पडली, तर रंग फिके दिसतात.

कोणत्या कुर्त्यांना ही पद्धत चालत नाही?

पांढरा आणि काळा हे दोन रंग विक्रीत असतील, तर त्यांची छायाचित्रे वेगळी काढलेलीच बरी. पांढऱ्याचे कारण वर आले आहे. फिकट राखाडीवरून पांढरा केला, तर सावल्या जास्त गडद राहतात आणि कापड मळके दिसते. काळ्या कापडाचा आकार डोळ्यांना कळतो तो रंगामुळे नाही, तर धाग्यांच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशामुळे. गुणाकाराच्या पद्धतीत हा प्रकाशही काळा होतो आणि कुर्त्याच्या जागी भोक पडल्यासारखे दिसते. गडद नेव्हीलाही याचा थोडा त्रास होतो. तिथे गटावर `Levels` उघडून `Output Levels` मधला डावा आकडा शून्यावरून ८ ते १२ पर्यंत वाढवला, की चुण्या पुन्हा दिसू लागतात. त्यानंतर चौकोनाची तपासणी मात्र पुन्हा करावी.

रेशीम आणि सॅटिनचीही हीच गोष्ट आहे. त्यांची चमक कापडाच्या रंगाची नसून बरीचशी प्रकाशाच्या रंगाची असते. ती मरून झाली की कापड प्लास्टिकसारखे वाटते. धूपछाँव कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्याने चुणीगणिक रंग पालटतो, तो सपाट रंगाने दाखवता येत नाही. खणाच्या कुर्त्यात बुट्टा विणीतूनच उमटतो आणि प्रत्येक रंगजोडीत तो वेगळा उठून दिसतो. छापील कापडात जमीन आणि छपाई यांची निवड वेगवेगळी करावी लागते. बारीक बुट्ट्यांच्या छपाईत त्यापेक्षा नवे छायाचित्र स्वस्त पडते.

राणी कलर किंवा झळझळीत केशरी यांची अडचण निराळी आहे. त्यांच्यात लाल आकडा आधीच २४०-२५० असतो. तो वाढवला की २५५ च्या भिंतीला आपटतो आणि सपाट भागावर मूळचा लाल पूर्ण उतरत नाही. असे रंग साध्या पडद्याच्या आवाक्याच्या काठावर असतात. त्यांच्यासाठी थोडा कमी भडक रंग दाखवणे हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग आहे. पार्सलमधला रंग अपेक्षेपेक्षा खुलून दिसला, तर तक्रार सहसा येत नाही.

नवा लॉट आला की काय करायचे?

रंगाई करताना प्रत्येक लॉटची छटा थोडी वेगळी येते, सुती कापडात तर हमखास. दिवाळीत आलेला बॉटल ग्रीन आणि पाडव्याला आलेला बॉटल ग्रीन शेजारी ठेवले की फरक दिसतो. म्हणून थरांसह मूळ फाइल जपून ठेवावी. जिंपमध्ये ती `.xcf` या नावाने साठवली जाते. नव्या लॉटचा तुकडा आधीच्या तुकड्यांसह टिपून आकडे वाचायचे आणि वरच्या थराचा रंग तेवढा बदलायचा. आखलेली कड, मुखवटा आणि उजळवलेला राखाडी थर तयारच असतात, त्यामुळे हे काम काही मिनिटांत होते.

कॅटलॉगमध्ये प्रत्येक रंगाच्या शेवटी कापडाच्या तुकड्याचे न रंगवलेले जवळून काढलेले छायाचित्र द्यावे आणि ‘दिवसाच्या प्रकाशात टिपलेले प्रत्यक्ष कापड’ असे त्याखाली लिहावे. तुकडे आधीच टिपलेले असल्याने त्याला वेगळा खर्च नाही. त्यात वीण दिसते, कापडाची जाडी कळते आणि कुर्त्यावर चढवलेला रंग ग्राहकाला स्वतः ताडून पाहता येतो. ट्यूबलाइट किंवा पिवळ्या एलईडीखाली हाच मरून थोडा वेगळा दिसेल, हेही त्याच ओळीत लिहिता येते. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवायला विक्रेत्यालाच धजावत नसेल, तर रंगाचे आकडे पुन्हा मोजायची वेळ आली आहे असे समजावे.